आधी डीएफ वाचा, मग पी-व्हॅल्यू : संख्याशास्त्राचे उत्तर तपासताना

संख्याशास्त्राची असाइनमेंट तपासायला घेतली की नजर आपोआप शेवटच्या दोन ओळींवर जाते. पी-व्हॅल्यू किती आली, ती ०.०५ च्या आत की बाहेर आणि निष्कर्ष त्याला धरून आहे की नाही, एवढे पाहून बरोबरची खूण केली जाते. आकडेमोड आता सॉफ्टवेअर करते, त्यामुळे बेरीज-वजाबाकीच्या चुका फारशा सापडत नाहीत. चूक होते ती आकडेमोडीच्या आधी आणि नंतर. आधी म्हणजे कोणती टेस्ट लावायची आणि तिची गृहीतके कशावर तपासायची हे ठरवताना. नंतर म्हणजे आलेल्या पी-व्हॅल्यूचा अर्थ लिहिताना. कॉलेजात पेपर तपासणाऱ्यांनी, शिकवणी घेणाऱ्यांनी किंवा सबमिशनआधी मैत्रिणीची वही नजरेखालून घालणाऱ्यांनी या तीन जागा कशा तपासाव्यात, ते एकाच उत्तराच्या आधारे पाहू.

तपासायचे उत्तर

आर या सॉफ्टवेअरमध्ये `sleep` नावाचा एक छोटा डेटासेट तयार मिळतो आणि अनेक ठिकाणी तोच सरावाला देतात. त्याचा इतिहास मोठा आहे. कश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ साली झोपेच्या औषधांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने टी-टेस्टचा पाया घालणारा लेख लिहिला, तेव्हा उदाहरणासाठी त्यांनी हेच आकडे घेतले. आकडे सांगतात ते असे, की औषध घेतल्यावर रुग्णाची झोप नेहमीपेक्षा किती तासांनी वाढली. उणे चिन्ह असेल तर झोप कमी झाली.

```
d1 <- c(0.7, -1.6, -0.2, -1.2, -0.1, 3.4, 3.7, 0.8, 0.0, 2.0)
d2 <- c(1.9,  0.8,  1.1,  0.1, -0.1, 4.4, 5.5, 1.6, 4.6, 3.4)
```

प्रश्न साधा आहे: दोन औषधांच्या परिणामात फरक आहे का? आता समजा, समोर आलेले उत्तर असे आहे:

“दोन गट आहेत, प्रत्येकात १० निरीक्षणे. दोन्ही गटांवर शापिरो-विल्क टेस्ट केली. पी-व्हॅल्यू ०.४१ आणि ०.३५ आल्या, म्हणजे दोन्ही गट नॉर्मल आहेत. म्हणून दोन स्वतंत्र नमुन्यांची टी-टेस्ट लावली. `t = -1.8608, df = 17.776, p-value = 0.07939`. पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त असल्याने शून्य परिकल्पना स्वीकारली. दोन्ही औषधांचा परिणाम सारखाच आहे.”

उत्तर नीटनेटके आहे. गृहीतके तपासली आहेत, आउटपुट दिले आहे, निष्कर्षही नियमाला धरून दिसतो. तरीही यात टेस्ट चुकली आहे, गृहीतक भलत्याच आकड्यांवर तपासले आहे आणि निष्कर्षाचे वाक्य त्या आकड्यांतून निघत नाही.

टेस्टची निवड : माणसे किती, डीएफ किती

उत्तर वाचण्याआधी डेटा पाहा आणि स्वतःला विचारा, यात माणसे किती आहेत? `sleep` मध्ये ओळी २० आहेत, पण रुग्ण १०च. प्रत्येकाने दोन्ही औषधे घेतली आहेत. डेटासेटमध्ये `extra`, `group` आणि `ID` असे तीन स्तंभ आहेत. `group` हे नाव पाहून दोन वेगळे गट असावेत असे वाटते आणि विद्यार्थी नेमका तिथे फसतो. आरच्या मदतपानावरच इशारा दिला आहे, की हे नाव दिशाभूल करू शकते, कारण ही मोजमापे एकाच १० जणांची आहेत. `ID` हा स्तंभ १ ते १० असा दोनदा येतो, हा डेटामधला पुरावा. उत्तरात `ID` चा कुठेच उल्लेख नसेल, तर तिथेच संशय घ्यावा.

दुसरी खूण आउटपुटमध्ये असते. ती म्हणजे डीएफ, अर्थात स्वातंत्र्यमात्रा. माणसे १० असतील आणि प्रत्येकाचा एकच फरक काढला असेल, तर डीएफ ९ यायला हवा. इथे तो १७.७७६ आहे. म्हणजे सॉफ्टवेअरला २० वेगवेगळी माणसे आहेत असे सांगितले गेले आणि त्याने ते मान्य केले. दशांशातला डीएफ दिसला की वेल्चची टेस्ट झाली हेही कळते. विद्यार्थ्याने कोड दिला नसला, नुसते आउटपुट चिकटवले असले, तरी टेस्ट कोणती झाली ते डीएफवरून ओळखता येते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी माणसे मोजायची, मग डीएफ पाहायचा आणि मगच पी-व्हॅल्यूकडे वळायचे.

योग्य टेस्ट लावली तर काय होते ते पाहा:

```
t.test(d2, d1, paired = TRUE)
```

आता `t = 4.0621, df = 9, p-value = 0.002833` असे येते. आकडे तेच, प्रश्न तोच, पण पी-व्हॅल्यू ०.०७९ वरून ०.००२८ वर आली. हे कसे झाले, ते विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. नुसते ‘इथे पेअर्ड लावायला हवी होती’ एवढे लिहून भागत नाही.

दोन्ही टेस्टमध्ये सरासरी फरक एकच आहे. पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्याने २.३३ तास, म्हणून फरक १.५८ तास. बदलते ते भागणारे प्रमाण त्रुटीचे माप. सहाव्या आणि सातव्या रुग्णांची झोप दोन्ही औषधांनी तीन तासांपेक्षा जास्त वाढली. दुसऱ्या आणि चौथ्या रुग्णांची झोप पहिल्या औषधाने उलट कमी झाली आणि दुसऱ्यानेही त्यांना फारसा लाभ झाला नाही. काहींना औषध लागू पडते, काहींना नाही. माणसामाणसांतली ही तफावत मोठी आहे, पण आपला प्रश्न तिच्याबद्दल नाही. स्वतंत्र नमुन्यांची टेस्ट ही सगळी तफावत त्रुटीत धरते, म्हणून तिथे प्रमाण त्रुटी ०.८५ येते. प्रत्येक रुग्णाचा स्वतःशीच फरक काढला की ती तफावत वजा होऊन जाते आणि प्रमाण त्रुटी ०.३९ वर उतरते. १.५८ ला ०.८५ ने भागा किंवा ०.३९ ने, दोन टी-मूल्ये लगेच मिळतात.

इथे एक सावधगिरी. योग्य टेस्टने पी-व्हॅल्यू लहान आली, हे ती योग्य असण्याचे कारण नव्हे. एखाद्या उत्तरात दोन्ही टेस्ट करून ‘पेअर्ड टेस्टची पी-व्हॅल्यू लहान आली म्हणून ती घेतली’ असे लिहिलेले सापडते. उत्तर जुळते, तरी तर्क चुकीचा आहे आणि तसा शेरा द्यायलाच हवा. टेस्ट प्रयोगाच्या रचनेवरून ठरते, निकाल पाहून नाही. तसेच, दोन्ही टेस्टचे निकाल ०.०५ च्या एकाच बाजूला पडले असते, तरी स्वतंत्र नमुन्यांची टेस्ट इथे चुकीचीच राहिली असती. असे निष्कर्ष न बदलणारे प्रसंगच तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटतात.

गृहीतके : कोणत्या आकड्यांवर तपासली?

‘गृहीतके तपासली’ हे वाक्य पाहून खूण करू नका. कोणत्या आकड्यांवर तपासली ते पाहा. पेअर्ड टी-टेस्टला दोन गट वेगवेगळे नॉर्मल असण्याची गरज नसते. तिला हवे असते ते दहा फरकांचे वितरण साधारण नॉर्मल असणे. ते फरक असे आहेत:

```
1.2  2.4  1.3  1.3  0.0  1.0  1.8  0.8  4.6  1.4
```

विद्यार्थ्याने दोन्ही गटांवर शापिरो-विल्क केली आणि ०.४१, ०.३५ अशा निर्धास्त करणाऱ्या पी-व्हॅल्यू मिळवल्या. हीच टेस्ट फरकांवर केली तर पी-व्हॅल्यू ०.०३३ येते. तपासणी झाली, पण भलत्याच स्तंभाची, आणि जिथे खरोखर थांबून विचार करायचा होता ती जागा दिसलीच नाही.

आता ०.०३३ आली म्हणून पेअर्ड टी-टेस्ट रद्द करायची का? पुष्कळ उत्तरे इथे घाईने विलकॉक्सनकडे धावतात. आधी फरकांचा ठिपक्यांचा आलेख काढायला सांगावा. आठ फरक ०.८ ते २.४ या पट्ट्यात आहेत, एक शून्य आहे आणि नवव्या रुग्णाचा ४.६ हा एकटाच लांब पडला आहे. म्हणजे अडचण मुख्यतः एका आकड्याची आहे. त्याने निकाल किती हलतो ते करून पाहता येते. तो बाजूला ठेवला तर सरासरी फरक १.५८ वरून १.२४ तासांवर येतो, पण टी-मूल्य ४.०६ वरून वाढून ५.६६ होते. पहिल्यांदा पाहणारा चकित होतो. ४.६ मुळे सरासरी वाढते हे खरे, पण प्रमाण विचलन त्याहून जास्त वाढते: ते १.२३ आहे आणि या आकड्यावाचून केवळ ०.६६ राहते. त्यामुळे हा टोकाचा आकडा निकालाला आधार देत नाही, उलट तो टी-मूल्य खाली खेचतो.

याचा अर्थ तो आकडा वगळावा असा नाही. नोंदीत चूक झाल्याचा पुरावा नसताना आकडा काढून टाकणे हा वेगळा दोष ठरेल. निष्कर्ष त्या एका आकड्यावर अवलंबून नाही, एवढेच दाखवायचे. नॉर्मल असण्याची अट न लागणारी टेस्ट जोडीला दिली तर उत्तम. विलकॉक्सन साइन्ड-रँक टेस्टने पी-व्हॅल्यू ०.००९ येते. त्या वेळी आर बहुधा दोन इशारे छापते, एक सारख्या आकड्यांबद्दल आणि एक शून्याबद्दल. कारण १.३ दोनदा आला आहे आणि पाचव्या रुग्णाचा फरक शून्य आहे. इशारे दिसले म्हणून गुण कापू नयेत, त्यांचे कारण लिहिले आहे का एवढे पाहावे.

त्याहून सोपा पडताळा कागदावर होतो. दहापैकी नऊ रुग्णांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली, एकाला दोन्ही सारखी लागू पडली आणि उलट दिशेला एकही नाही. औषधांत फरक नसता तर नऊच्या नऊ जण एकाच बाजूला पडण्याची संभाव्यता २ × (१/२)<sup>९</sup>, म्हणजे २५६ त एक, सुमारे ०.००४. तीन वेगवेगळ्या वाटांनी गेलो तरी उत्तर एकाच दिशेचे येते. चांगल्या उत्तरात गृहीतकांचा परिच्छेद असा दिसतो: अडचण कुठे आहे, तिने काय बदलते आणि काय बदलत नाही.

शापिरो-विल्कच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘पी-व्हॅल्यू ०.४१ म्हणजे गट नॉर्मल आहे’ हे वाक्य मुळातच चुकीचे आहे. दहा आकड्यांत अशी टेस्ट बरेचसे दोष पकडूच शकत नाही. नॉर्मलतेविरुद्ध पुरेसा पुरावा सापडला नाही, एवढेच म्हणता येते. विद्यार्थ्याने निष्कर्षात केलेली चूक इथे आधीच एकदा होऊन गेली आहे.

काही गृहीतके मात्र कोणतीच टेस्ट तपासत नाही. एका रुग्णाचा निकाल दुसऱ्यावर अवलंबून नव्हता ना? पहिल्या औषधाचा अंमल दुसऱ्याच्या रात्री उरला नव्हता ना? औषधे कोणत्या क्रमाने दिली? याची उत्तरे वीस आकड्यांत नाहीत, ती प्रयोगाच्या वर्णनात शोधावी लागतात. विद्यार्थ्याने ‘रुग्ण परस्परांपासून स्वतंत्र आहेत आणि औषधांचा अंमल एकमेकांत मिसळलेला नाही असे धरले आहे’ एवढे एक वाक्य लिहिले तरी त्याला गृहीतक म्हणजे काय ते समजले आहे.

पी-व्हॅल्यू : निष्कर्षाचे वाक्य वेगळे काढून वाचा

शेवटचे वाक्य बाकीच्या उत्तरापासून वेगळे काढा आणि विचारा, यात कशाबद्दल दावा केला आहे? पी-व्हॅल्यू डेटाबद्दल बोलते. औषधांत फरक नाही आणि टेस्टची बाकी गृहीतकेही खरी आहेत असे धरले, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसेल, हे ती सांगते. शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता ती सांगत नाही.

आपल्या उत्तरात लिहिले आहे, ‘दोन्ही औषधांचा परिणाम सारखाच आहे.’ क्षणभर समजा, टेस्ट बरोबर होती. तरी हे वाक्य टिकत नाही. त्याच आउटपुटमध्ये खालच्या ओळीत ९५ टक्के विश्वास-अंतराल छापलेला असतो. दुसऱ्या औषधाच्या बाजूने पाहिले तर तो उणे ०.२१ ते ३.३७ तास असा आहे. फरक शून्य असू शकतो आणि तीन तासांहून जास्तही असू शकतो, असे ज्या आउटपुटमध्ये म्हटले आहे त्यावरून ‘सारखाच’ म्हणता येत नाही. पुरावा अपुरा आहे, एवढेच म्हणता येते. ‘फरक नाही’ असे लिहिलेले दिसले की तपासणाऱ्याने लगेच विश्वास-अंतरालाची ओळ शोधावी. ती नसेल तर मागावी.

टेस्ट सुधारल्यावर चूक दुसऱ्या बाजूने येते. पी-व्हॅल्यू ०.००२८ आली की काही जण लिहितात, ‘दुसरे औषध जास्त परिणामकारक असण्याची शक्यता ९९.७ टक्के आहे.’ १ मधून पी-व्हॅल्यू वजा करून मिळवलेला हा आकडा कोणत्याच गोष्टीची संभाव्यता नाही. गंमत अशी की खुद्द गॉसेट यांनी १९०८ च्या लेखात याच आकड्यांवरून दुसरे औषध सरस असण्याच्या बाजूने ६६६ ला १ अशी पैज मांडली होती. त्या काळी तशी मांडणी रूढ होती आणि तिच्यामागे आधीच्या संभाव्यतेबद्दलचे एक गृहीतक दडलेले होते. आजच्या पद्धतीने टी-टेस्ट करून ते गृहीतक न मांडता तसे वाक्य लिहिता येत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूबद्दल निवेदन काढले. पी-व्हॅल्यू ही परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता नव्हे आणि परिणामाचा आकारही नव्हे, हे त्यात स्पष्टपणे सांगितले आहे.

तिसरा प्रकार जरा लपलेला असतो. विद्यार्थी प्रत्येक औषधाची शून्याशी वेगळी तुलना करतो. पहिल्या औषधाची पी-व्हॅल्यू ०.२२ येते, दुसऱ्याची ०.००५. मग तो लिहितो, ‘एक सिग्निफिकंट आहे, दुसरे नाही, म्हणून दोन औषधांत फरक आहे.’ इथे निष्कर्ष योगायोगाने बरोबर निघाला, पण वाट चुकीची आहे. दोन औषधांत फरक आहे का हे विचारायचे असेल तर त्या फरकाचीच टेस्ट केली पाहिजे. एकाची पी-व्हॅल्यू ०.०४ आणि दुसऱ्याची ०.०६ आली असती, तर हाच तर्क विद्यार्थ्याला सपशेल फसवून गेला असता.

शेरा कसा लिहावा, गुण कसे द्यावेत

चुकांचा क्रम लावून शेरा लिहावा, कारण पहिली चूक पुढच्यांना ओढत नेते. टेस्टच चुकीची असेल तर टी, डीएफ आणि पी-व्हॅल्यू तिन्ही चुकणारच. त्यासाठी तीनदा गुण कापू नयेत. टेस्टच्या निवडीचे गुण एकदा कापा, पण निष्कर्षाचे वाक्य स्वतंत्रपणे तपासा. चुकीच्या ०.०७९ वरूनही ‘फरक आहे असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही’ असे लिहिणाऱ्याला त्या वाक्याचे गुण मिळायला हवेत. उलट, टेस्ट बरोबर लावून ‘९९.७ टक्के शक्यता’ लिहिणाऱ्याचे तिथे कापायला हवेत.

वरच्या उत्तरावर मी असा शेरा लिहीन:

“`ID` स्तंभ पाहा. रुग्ण १०च आहेत, तरी डीएफ १७.८ कसा आला? प्रत्येक रुग्णाचा फरक काढून पुन्हा करा. शापिरो-विल्क त्या फरकांवर लावा, ठिपक्यांचा आलेख द्या आणि नवव्या रुग्णाबद्दल दोन ओळी लिहा. पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त आली तरी ‘सारखाच’ असे म्हणता येत नाही. विश्वास-अंतराल द्या.”

आणि सुधारून आलेल्या उत्तराचा शेवट साधारण असा असावा: “त्याच १० रुग्णांत दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा सरासरी १.५८ तास जास्त झोप लागली. ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.७० ते २.४६ तास, पेअर्ड टी-टेस्ट, डीएफ ९, पी-व्हॅल्यू ०.००२८. फरकांत एक आकडा बराच मोठा आहे, पण विलकॉक्सन टेस्टनेही निष्कर्ष तोच राहतो. रुग्ण परस्परांपासून स्वतंत्र आहेत आणि एका औषधाचा अंमल दुसऱ्यात मिसळलेला नाही असे धरले आहे.”

या उत्तरात आधी तास येतात आणि पी-व्हॅल्यू त्यांच्या मागे. दीड तासाची जास्त झोप रुग्णाच्या दृष्टीने मोठी की किरकोळ, हे कोणतीच पी-व्हॅल्यू सांगत नाही. उत्तरात तास आणि त्यांचा विश्वास-अंतराल लिहिलेला असला, तर वाचणाऱ्याला ते स्वतः ठरवता येते.